कृष्णधवल केल्यावर फोटो राखाडी आणि सपाट का होतो: तपासणी आणि दुरुस्ती

रंगीत असताना उठावदार दिसणारा फोटो कृष्णधवल केला की मेल्यासारखा दिसतो, ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. बहुतेक वेळा फोटो बिघडलेला नसतो. रंग करड्या छटांमध्ये उतरवताना कुठलीतरी एक पायरी गाळलेली असते किंवा चुकीच्या क्रमाने केलेली असते. आधी लक्षणे ओळखा. त्यानंतर खाली दिलेल्या क्रमाने, म्हणजे फुकटच्या तपासणीपासून खर्चाच्या तपासणीकडे जा.

लक्षणे

पहिले आणि सगळ्यात जास्त दिसणारे लक्षण म्हणजे माणूस आणि मागची पार्श्वभूमी एक होणे. रंगीत फोटोत लाल बेस्ट बस हिरव्या झाडांपुढे ठसठशीत दिसत होती. कृष्णधवल केल्यावर बस कुठे संपते आणि झाड कुठे सुरू होते हेच कळत नाही.

दुसरे लक्षण चेहऱ्यात दिसते. कपाळावरचे कुंकू किंवा ओठ गायब होतात, किंवा उलट चेहरा काळवंडतो आणि त्वचेवरचा प्रत्येक डाग वर येतो.

तिसरे लक्षण म्हणजे आभाळात किंवा गडद कापडात रवाळ ठिपके, चौकोनी ठोकळे किंवा पायऱ्यांसारखे पट्टे दिसणे. हे बहुतेक वेळा स्लायडर जोरात ओढल्यावर येते.

चौथे लक्षण असे, की फोटो तांत्रिकदृष्ट्या ठीक असतो, काळे काळे आणि पांढरे पांढरे असते, पण भाव चुकलेला वाटतो. पावसाळी मरीन ड्राइव्ह एखाद्या गुन्हेकथेच्या मुखपृष्ठासारखे दिसते, किंवा सणाची सकाळ सुतकी दिसते.

पाचवे लक्षण छापल्यावर कळते. पडद्यावर शुद्ध करडा दिसणारा फोटो कागदावर हिरवट किंवा जांभळट येतो.

आधी पडदा आणि फाइल

या दोन तपासण्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

फोनचा किंवा लॅपटॉपचा नाइट मोड बंद करा. तो पडदा पिवळट करतो, त्यामुळे करड्या छटांचा अंदाज चुकतो. ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त होऊ देऊ नका. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर ते पडद्यावर पडणार नाही असे बसा. उन्हात पडद्यावरच्या गडद छटा दिसत नाहीत, म्हणून माणूस त्या नको तितक्या उजळ करतो, आणि रात्री तोच फोटो धुतल्यासारखा दिसतो.

मग फाइल कुठून आली ते पाहा. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो म्हणून आलेली फाइल असेल तर पुढे काही करू नका. ज्याने पाठवली त्याला तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जेपेग फाइलमध्ये उजेडाची माहिती बारकाईने साठवली जाते, पण रंगाची माहिती सहसा चार पिक्सेलांना मिळून एक अशी विरळ साठवली जाते, आणि नंतर तीच आणखी दाबली जाते. रंगीत फोटो बघताना डोळ्याला हे कळत नाही. पण कृष्णधवल करताना आपण रंगाच्या फरकातूनच उजेडाचा फरक तयार करतो. त्यामुळे ती विरळ माहिती अचानक ठोकळे होऊन समोर येते. तिसऱ्या लक्षणाचे हे सगळ्यात मोठे कारण आहे. कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, असेल तर उत्तम. नसेल तर फोनमधली मूळ जेपेग चालते, पण स्लायडर किती ओढायचा याला मर्यादा ठेवावी लागते.

पांढरा रंग पांढरा आहे का

कृष्णधवलच करायचे आहे तर व्हाइट बॅलन्सची, म्हणजे उजेडाची रंगझाक काढण्याची, काय गरज, असे वाटते. गरज असते, आणि मुंबईत तर जास्तच. पावसाळ्यात अर्धा बाजार निळ्या ताडपत्रीखाली असतो. ताडपत्रीतून गाळून येणारा उजेड सगळ्यावर निळी झाक चढवतो. अशा उजेडात त्वचेचा नारिंगी रंग जवळजवळ पुसला जातो. मग पुढे नारिंगी स्लायडर हलवून चेहरा उजळवायला जाल तर काहीच होत नाही, कारण स्लायडरला पकडायला नारिंगी रंगच उरलेला नसतो.

फोटोत पांढरी असायला हवी अशी एखादी वस्तू शोधा. पावतीचा कागद, पांढरा शर्ट, चुन्याची भिंत यांपैकी काहीही चालेल. तिच्यावर आयड्रॉपर, म्हणजे पिक्सेलचा रंग आकड्यांत सांगणारे साधन, ठेवून लाल, हिरवा आणि निळा हे तीन आकडे वाचा. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला असतो, जितका मोठा तितका तो रंग उजळ. १७०, १८५, २१५ असे काही दिसले तर निळी झाक आहे. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे होईपर्यंत व्हाइट बॅलन्स सरकवा. मोगरा किंवा शेवंती पांढरी समजून वापरू नका. त्या पाकळ्यांत पिवळसरपणा असतो.

रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली काढलेला फोटो असेल तर हा उपाय फार पुढे जात नाही. त्या उजेडात निळा रंग जवळजवळ नसतोच. निळ्या चॅनलमध्ये, म्हणजे फोटोच्या निळ्या आकड्यांच्या थरात, फक्त रवाळ नॉइज असते, आणि कितीही ओढले तरी तिथून तपशील येणार नाही. तो फोटो लाल आणि हिरव्या चॅनलमधूनच घडवायचा.

मुख्य दोष: वेगळे रंग, एकच करडा

इथे जरा थांबून बघू, कारण दहापैकी आठ फोटो इथेच अडकलेले असतात.

साधे रंग काढणे म्हणजे सॉफ्टवेअरने प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या आणि निळ्या आकड्यांची ठरावीक प्रमाणात बेरीज करणे. सर्वत्र वापरले जाणारे एक सूत्र असे आहे:

```
Y = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

हिरव्याला सगळ्यात जास्त वजन आहे, कारण माणसाच्या डोळ्याला हिरवा उजेड सगळ्यात तेजस्वी भासतो. सूत्रात चूक नाही. ते फक्त उजेड मोजते आणि रंगांतला फरक फेकून देते. दोन वस्तू केवळ रंगामुळे वेगळ्या दिसत असतील तर त्या करड्यात एकमेकींत मिसळतात.

उदाहरण दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या दादर पश्चिमेच्या फूलबाजाराचे घेऊ. लाल साडी नेसलेली एक बाई झेंडूच्या राशीमागे बसली आहे. तिच्या पाठीशी आंब्याचे डहाळे, डोक्यावर निळी ताडपत्री, कपाळाला ठसठशीत कुंकू. रंगीत फोटोत प्रत्येक गोष्ट वेगळी उठून दिसते. व्हाइट बॅलन्स दुरुस्त केल्यावर आयड्रॉपरने साधारण असे आकडे येतात: साडी २००, ४०, ५०, पाने ६०, ११०, ५०, ताडपत्री ४०, ९०, १७०, चेहरा १६५, ११५, ८५, कुंकू १७०, ३०, ४०, झेंडू २३०, १३०, २०. आयड्रॉपरचा नमुना एका पिक्सेलचा न ठेवता ५ × ५ चा सरासरी ठेवा, नाहीतर आकडे प्रत्येक क्लिकला उड्या मारतात.

आता हेच आकडे वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून बघा. तक्त्यात वरच्या ओळीत लाल-हिरवा-निळा यांचे शेकडा प्रमाण आहे. पहिला रकाना वरच्या सूत्राचा.

| वस्तू | साधे रूपांतर | ५०-५०-० | २०-८०-० | १००-०-० |
|---|---|---|---|---|
| साडी | ८९ | १२० | ७२ | २०० |
| पाने | ८८ | ८५ | १०० | ६० |
| ताडपत्री | ८४ | ६५ | ८० | ४० |
| चेहरा | १२७ | १४० | १२५ | १६५ |
| कुंकू | ७३ | १०० | ५८ | १७० |
| झेंडू | १४७ | १८० | १५० | २३० |

पहिला रकाना बघितला की दोष समोर येतो. साडी ८९, पाने ८८, ताडपत्री ८४. लाल, हिरवा आणि निळा हे तीन ढळढळीत वेगळे रंग एकाच करड्यात जाऊन बसले. इथे कॉन्ट्रास्ट वाढवून उपयोग नाही. कॉन्ट्रास्ट ८९ ला गडद करेल तेव्हा ८८ लाही तितकेच गडद करेल. सारखे असलेले आकडे नंतर वेगळे करता येत नाहीत. ते मिसळतानाच वेगळे करावे लागतात. कॉन्ट्रास्ट आणि क्लॅरिटी यांच्यावर तासभर घालवून मग मदत मागणारे बहुतेक लोक याच ठिकाणी फसलेले असतात.

शेवटचा रकाना फक्त लाल चॅनलचा आहे. साडी पानांपासून झकास सुटली, पण कुंकू १७० आणि चेहरा १६५. कुंकू गेले. लाल फिल्टर लावला की फोटो नाट्यमय होतो असे ऐकून लावणाऱ्यांना हा फटका बसतो. लाल चॅनलमध्ये त्वचाही उजळ असते आणि कुंकूही, म्हणून दोन्ही एक होतात. ओठांचेही तेच होते. लग्नाच्या किंवा हळदीकुंकवाच्या फोटोंत शुद्ध लाल फिल्टर टाळलेला बरा.

मधले दोन रकाने कामाचे आहेत. ५०-५०-० मध्ये साडी पानांपेक्षा ३५ अंकांनी उजळ होते, चेहरा साडीपेक्षा २० अंकांनी वर राहतो, कुंकू चेहऱ्यापेक्षा ४० ने गडद राहते आणि ताडपत्री मागे सरकते. २०-८०-० मध्ये उलटे होते. साडी पानांपेक्षा गडद होते आणि चेहरा व फुले तेवढी चमकतात. यातले कोणते घ्यायचे हा भावाचा प्रश्न आहे, त्याकडे पुढे येऊ.

करायचे कसे? जिंपमध्ये Colors > Desaturate > Mono Mixer उघडा आणि लाल ०.५, हिरवा ०.५, निळा ० असे टाका. फोटोशॉपमध्ये Channel Mixer मध्ये Monochrome वर खूण करून ५०, ५०, ० टाका. तिन्हींची बेरीज १०० च्या आसपास ठेवा. जास्त झाली तर फोटोचा उजळ भाग उडतो, कमी झाली तर सगळा फोटो काळवंडतो. फोनवर स्नॅपसीडच्या कृष्णधवल साधनात लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे फिल्टर मिळतात. आकडे टाकता येत नाहीत, पण दादरच्या या फोटोसाठी आधी नारिंगी आणि मग हिरवा लावून बघितला तरी साधारण हेच दोन पर्याय दिसतील.

वेगळे झाले की नाही हे बघायला फोटो टपाल तिकिटाएवढा लहान करून बघा. त्या आकारात माणूस पार्श्वभूमीपासून सुटत असेल तर काम झाले.

रंगांचे स्लायडर कुठे दगा देतात

लाइटरूमच्या कृष्णधवल पॅनेलमध्ये लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा असे आठ स्लायडर असतात. ते चॅनल मिक्सरपेक्षा वेगळ्या रीतीने चालतात. मिक्सर सगळ्या पिक्सेलांना एकच प्रमाण लावतो, म्हणून त्याचा परिणाम गुळगुळीत येतो. रंगाचा स्लायडर मात्र आधी रंगावरून पिक्सेल निवडतो आणि तेवढेच उजळ किंवा गडद करतो. त्यामुळे चेहरा आणि कुंकू वेगवेगळे हाताळता येतात: नारिंगी +१५ करून चेहरा वर आणायचा, लाल −२० करून कुंकू टिकवायचे. ही सोय मिक्सरमध्ये नाही.

पण निवडीची कड असते तिथे धोका असतो. लाल साडीचा पदर पानांना टेकतो त्या रेषेवर पिक्सेलांचा रंग धड लाल नसतो, धड हिरवा नसतो. स्लायडर फार ओढला की तिथे पांढरी किंवा काळी कड उमटते. मूळ जेपेगवर ±३० च्या पलीकडे जाताना फोटो १०० टक्के आकारात उघडून कडा तपासा. मिक्सरने काम भागत असेल तर तोच वापरणे सुरक्षित आहे, पण त्यानंतर फोटोत रंग उरत नाही, म्हणून मिक्सरवर स्लायडर चालत नाहीत. मिक्सर नसेल किंवा त्याने भागत नसेल तर रंगीत फोटोवर स्लायडरच वापरा, फक्त सबुरीने.

आभाळाबद्दल वेगळे सांगायला हवे. निळा स्लायडर खाली ओढला की आभाळ गडद होते आणि ढग उठून दिसतात, हे खरे आहे. पण त्यासाठी आभाळ निळे हवे. हिवाळ्यात सकाळी वरळीच्या किनाऱ्यावर काढलेल्या फोटोत आभाळाचे आकडे १९०, १९५, २०० असे असतात. म्हणजे ते आधीच करडे आहे. स्लायडरला तिथे निळा रंग तुटक तुटक सापडतो, आणि −६० ला ओढले की आभाळ डागाळते. असे आभाळ गडद करायचेच असेल तर वरून खाली येणारा ग्रॅज्युएटेड फिल्टर लावून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करा. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये एखाद्या दिवशी आभाळ खरेच निळे असते. निळा स्लायडर त्या दिवसाच्या फोटोंसाठी ठेवा.

लाल रंग फुटला आहे का

साडीच्या चुण्याच दिसत नाहीत, सगळी साडी एकसंध ठिगळासारखी दिसते, असे होत असेल तर मूळ रंगीत फोटोचा हिस्टोग्राम, म्हणजे किती पिक्सेल किती उजळ आहेत याचा आलेख, चॅनलनिहाय उघडा. फोनचे कॅमेरे लाल रंग भडक करतात, आणि उन्हातली लाल साडी किंवा झेंडूची रास लाल चॅनलमध्ये सरळ २५५ ला जाऊन चिकटते. चिकटलेल्या भागात चुण्या, जर, पाकळ्यांच्या कडा यांची लाल चॅनलमधली माहिती नोंदलीच गेलेली नसते. सगळ्या चॅनलांचा एकत्र हिस्टोग्राम बघून हे कळत नाही, कारण एकूण उजेड ठीक दिसतो.

रॉ फाइल असेल तर एक्स्पोजर कमी करून लाल चॅनल परत येतो का बघा, बऱ्याचदा येतो. जेपेग असेल तर तपशील हिरव्या चॅनलमध्ये शोधा. लाल कापडाच्या चुण्या तिथे मंद का होईना पण असतात. म्हणजे २०-८०-० किंवा १०-९०-० कडे जावे लागते, आणि साडी गडद ठेवणे हाच एक मार्ग उरतो. तिन्ही चॅनल एकाच जागी २५५ असतील तर तिथे थांबा. तिथे काहीच नाही, आणि कोणताही जाणकार पैसे घेऊनही तिथून काही काढून देऊ शकत नाही.

काळे, पांढरे आणि भाव

छटा वेगळ्या झाल्या, आता त्यांचा पसारा ठरवायचा. काळे आणि पांढरे टोक ठरवणारे लेव्हल्स साधन उघडा. ५०-५०-० केलेला दादरचा फोटो साधारण ४० ते २०० च्या दरम्यान बसलेला असेल. काळ्या टोकाचा त्रिकोण उजवीकडे सरकवत केसांतली आणि राशीखालची सावली १० च्या आसपास आणा. पांढऱ्या टोकाने झेंडूचा सगळ्यात उजळ भाग २४५ पर्यंत न्या. ० आणि २५५ ला नेऊ नका. कागदावर त्या टोकाच्या छटा एकमेकींत बुडतात. मग कर्व्हने मधल्या छटा वरखाली करा. चेहरा कुठे बसतो यावर लक्ष ठेवा, बाकी सगळे त्याच्या मागून येते. गव्हाळ चेहरा १२५ ते १५० च्या दरम्यान स्वाभाविक दिसतो. गोरेपणाच्या हौसेने १९० ला नेला की तो चेहरा त्या माणसाचा राहत नाही.

आता भाव. सणाची गर्दी, फुलांचा ढीग, उत्साह दाखवायचा असेल तर ५०-५०-० योग्य. साडी मधल्या करड्यात येते, फुले उजळतात, फोटोत हवा खेळते. त्याच बाईचा दिवसभराचा शीण दाखवायचा असेल तर २०-८०-०. साडी आणि कुंकू खाली जातात, ताडपत्रीही गडदच राहते, उजेड फक्त चेहऱ्यावर आणि हाताखालच्या फुलांवर राहतो. साडी आणि ताडपत्री ७२ आणि ८० वर जवळ येतात हे खरे, पण फोटोत त्या दोघींच्या मध्ये चेहरा आणि केस असल्याने बिघडत नाही. दोघी एकमेकींना टेकत असत्या तर वेगळे प्रमाण शोधावे लागले असते. तक्ता वाचताना कोण कोणाला टेकून आहे हे बघायचे.

सपाटपणा हा नेहमीच दोष नसतो, हेही इथेच सांगायला हवे. जुलैतल्या धुवाधार पावसात मरीन ड्राइव्हच्या इमारती धुरकट दिसतात, कारण मध्ये पाण्याचा पडदा असतो. त्या फोटोत शुद्ध काळे कुठेच नव्हते. तिथे लेव्हल्स दोन्ही टोकांना ताणले की पाऊस नाहीसा होतो आणि उरतो तो फक्त कॉन्ट्रास्ट. अशा फोटोत काळे टोक २५ ते ३५ वर सोडा. जवळची एखादी छत्री किंवा कठड्यावर बसलेला माणूस तेवढा त्याहून गडद ठेवा. लांबच्या इमारती जितक्या फिक्या, तितकी खोली जास्त जाणवते. ऑटो बटण नेमके हेच बिघडवते. त्याला धुके आणि दोष यांतला फरक कळत नाही.

छटेला हलका रंग द्यायचा असेल तर तो सगळ्यात शेवटी द्या, कारण आधी दिला तर लेव्हल्स हलवताना तोही बदलतो. फोटो आरजीबी मोडमध्येच असू द्या. ग्रेस्केलमध्ये नेला की रंग चढणारच नाही. उबदार छटेसाठी ह्यू ४० च्या आसपास आणि सॅच्युरेशन ५ ते १० पुरते. थंड छटेसाठी ह्यू २२० आणि सॅच्युरेशन ५. फूलबाजाराला उबदार, पावसाला थंड. सॅच्युरेशन २५ वर नेले की लग्नाच्या अल्बममधले नकली सेपिया तयार होते. खरे सेपिया हे कागदावरच्या चांदीचे सल्फाइड करणारी रासायनिक प्रक्रिया होती. त्याने प्रिंट टिकाऊ होत असे, आणि तिचा तपकिरी रंग गडद छटांतही खोलवर असे. वरून तपकिरी रंग फासून तो परिणाम येत नाही.

छापल्यावर रंग आला

आधी फाइल निर्दोष आहे का ते पक्के करा. आयड्रॉपर फोटोच्या काळ्या, मधल्या आणि उजळ अशा तीन ठिकाणी ठेवा. छटा दिलेली नसताना तिन्ही ठिकाणी लाल, हिरवा, निळा हे आकडे एकमेकांइतकेच असले पाहिजेत. असतील तर दोष फाइलचा नाही. फाइल एसआरजीबीमध्ये साठवली आहे का तेही बघा, गल्लीबोळातल्या बहुतेक लॅब तेच धरून चालतात.

मोठी प्रिंट काढण्याआधी एक ४ × ६ इंचाची चाचणी प्रिंट काढा. ती ट्यूबलाइटखाली पाहू नका, दिवसा खिडकीपाशी पाहा. काही शाई आणि कागद एका उजेडात करडे आणि दुसऱ्यात हिरवट दिसतात. डिजिटल लॅब कृष्णधवल फोटोही रंगीत कागदावरच काढते आणि करडा रंग तीन रंगांच्या थरांतून बनवते, म्हणून यंत्र किंचित ढळले तरी झाक येते. लॅबला सांगून ऑटो करेक्शन बंद करून पुन्हा एक चाचणी काढा. घरच्या इंकजेटवर हेच घडते. तिथे फक्त काळी शाई निवडली तर झाक जाते, पण उजळ भागात ठिपके दिसू लागतात.

कुठे थांबायचे, कोणाला बोलवायचे

फाइलमधले आकडे बरोबर आहेत, दोन वेगवेगळ्या लॅबच्या चाचण्या बघून झाल्या आणि तरी पडदा व कागद जुळत नसतील, तर तुमचा मॉनिटर ढळलेला असण्याची शक्यता मोठी आहे. डोळ्याने तो जुळवत बसू नका. कॅलिब्रेशनचे यंत्र असलेल्या माणसाकडून करून घ्या.

१२ × १८ इंचांपेक्षा मोठी प्रिंट, प्रदर्शन किंवा विक्री असेल तर फाइन आर्ट प्रिंटिंग करणाऱ्या स्टुडिओकडे जा, जिथे प्रिंटरमध्ये काळ्याबरोबर करड्याच्याही एकाहून जास्त शाया असतात. जाताना सपाट केलेली जेपेग देऊ नका, थर शाबूत असलेली १६ बिट फाइल द्या. कागद ठरल्यावर त्या कागदाचे प्रोफाइल मागून घ्या आणि काळे टोक त्याप्रमाणे पुन्हा तपासा, कारण मॅट कागदावर काळे चकचकीत कागदाइतके खोल जात नाही.

घरातल्या जुन्या रंगीत फोटोवर मुंबईच्या दमट हवेने बुरशी चढली असेल, किंवा तो काचेला चिकटला असेल, तर कृष्णधवल करणे ही फार पुढची गोष्ट आहे. तो फोटो ओल्या कापडाने पुसू नका, काचेवरून ओढून काढू नका. जसा आहे तसाच फोटो जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या आणि आधी त्याचे स्कॅन करून घ्या.